पिझ्झ्याला कोणतं चीज, डब्याला कोणतं, आणि किती घ्यायचं

प्रश्न: नवीन ओटीजी घेतलाय. रविवारी पिझ्झ्यावर चीज स्लाइस घातल्या, पण तार आलीच नाही, वर नुसतं पिवळं कातडं धरलं. दुकानात गेले तर स्लाइस, क्यूब, मोझरेला, पिझ्झा ब्लेंड, स्प्रेड, चेडर असं कायकाय. दुकानदार म्हणतो किलोचं पाकीट न्या, स्वस्त पडतं. पुढच्या आठवड्यात लेकीचा वाढदिवस आहे, दहा मुलं येणार, पिझ्झा घरीच करायचाय. एरवी तिच्या डब्यात चीज सँडविच असतंच. नक्की कोणतं आणि किती घेऊ?

उत्तर:

ताई, ओटीजीचा काही दोष नाही आणि तुमचाही नाही. स्लाइसला तार येत नाही, कितीही तापवली तरी. मी सँडविच आणि पिझ्झ्याचं छोटं दुकान चालवते. आमच्याकडे स्लाइस, क्यूब आणि मोझरेला तिन्ही रोज लागतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

दुकानात उभं राहून "यातलं चांगलं कोणतं" असं विचारलं की समोरचा सगळ्यात महाग पाकीट दाखवतो. त्यापेक्षा आधी घरीच दोन गोष्टी ठरवून जा. गरम झाल्यावर चीजने काय करायला हवं, तार सोडायची की मऊ होऊन पसरायचं? आणि ते तोंडात जाईल तेव्हा गरम असेल की गार? एवढं ठरलं की निम्मी पाकिटं आपोआप बाद होतात.

आता तार का येते ते थोडक्यात सांगते, कारण हे कळलं की पुढचं काही पाठ करावं लागत नाही. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. कॅल्शियममुळे त्याचे कण एकमेकांना धरून राहतात. मोझरेला करताना दूध विरजण आणि रेनेट घालून घट्ट करतात, निवळी काढून टाकतात आणि उरलेला गोळा गरम पाण्यात मळून ताणतात. त्या ताणण्यामुळे केसिनचे लांब धागे एका दिशेने बसतात. पिझ्झ्यावर मोझरेला तापलं की तेच धागे ओढले जातात, तीच तुमची तार.

प्रोसेस्ड चीजचा मामला निराळा. तयार झालेलं चेडरसारखं चीज बारीक करून, पाणी आणि इमल्सिफायिंग क्षार घालून, घोटत घोटत शिजवतात. सोडियम सायट्रेट आणि सोडियम फॉस्फेट हे त्यातले नेहमीचे. हे क्षार केसिनला धरून ठेवणारं कॅल्शियम खेचून घेतात. मग प्रथिन मोकळं होतं आणि चरबी व पाणी दोन्हींना सारखं धरून ठेवतं. म्हणून प्रोसेस्ड चीज तापलं तरी तेल सोडत नाही, गुळगुळीत वितळतं, आणि धागेच मोडलेले असल्यामुळे तार मात्र देत नाही. ओटीजीच्या कोरड्या उष्णतेत वरचं पाणी उडून जातं आणि तुम्हाला दिसलं तसं कातडं धरतं. स्लाइस, क्यूब आणि वीट ही सगळी याच घरातली. आकार वेगळे, स्वभाव तोच.

विश्वास बसत नसेल तर वाढदिवसाच्या आधी एकदा तव्यावर करून बघा. नॉनस्टिक तवा मंद आचेवर ठेवा. एका बाजूला अर्धी स्लाइस, दुसरीकडे चिमूटभर किसलेलं मोझरेला आणि तिसरीकडे पनीरचा छोटा तुकडा. स्लाइसचे कोपरे आधी गोल होतात, मग ती चकचकीत होऊन सावकाश पसरते. चमच्याने उचलली तर लगेच तुटते. मोझरेलाचा कीस आधी एकमेकांना चिकटतो, कडेला तुपाचे बारीक थेंब दिसतात, आणि मग चमचा वर नेला की धागा निघतो. पनीर खालून लाल होतं, पण जागचं हलत नाही. ते तापलेल्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं, त्यामुळे त्याचं वितळणं असं नसतंच. आता गॅस बंद करा आणि वीस मिनिटांनी पुन्हा हात लावा. स्लाइस अजून मऊ असेल. मोझरेला घट्ट, चिवट, जवळजवळ रबरी झालेलं असेल.

ही वीस मिनिटांनंतरची गोष्ट डब्याच्या दृष्टीने फार कामाची आहे. सकाळी सातला भरलेलं सँडविच मुलगी साडेदहा-अकराला खाणार, म्हणजे गारच. तिथे महागाचं मोझरेला घालून उपयोग नाही, ते दाताखाली चिवट लागतं आणि एका घासात अख्खा थर पावातून बाहेर ओढला जातो. डब्यासाठी प्रोसेस्ड स्लाइसच योग्य. "प्रोसेस्ड म्हणजे कमी दर्जाचं" असं समजून सगळीकडे मोझरेला वापरणारी मंडळी दुकानात नेहमी भेटतात, आणि मग "पोरगं डबा परत आणतं" अशी तक्रारही तीच करतात. तेच पावभाजीचं, डोशाचं, मसाला टोस्टचं. गाडीवरच्या सँडविचवर जो चीजचा डोंगर किसलेला असतो तो प्रोसेस्ड विटेचा असतो, कारण तो हलका, मोकळा किसला जातो आणि न वितळताही चवीला लागतो. मोझरेला कच्चंच किसून वर घातलं तर जवळपास बेचव लागतं. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ मात्र बरंच असतं, तेव्हा सँडविचला स्लाइस असेल तर चटणीत मीठ बेताने घाला, आणि एका सँडविचला एक स्लाइस पुरे.

दुकानात पाकीट उलटं करून मागचं वाचायची सवय लावा. पुढची बाजू जाहिरात असते. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साध्या मोझरेलाच्या मागे यादी आखूड असते: दूध, विरजण, मीठ, रेनेट. पहिलाच शब्द "चीज" असेल आणि पुढे इमल्सिफायर म्हणून 331, 339, 452 असे आकडे असतील तर पुढे काहीही लिहिलेलं असो, ते प्रोसेस्ड आहे. "पिझ्झा ब्लेंड" हा मधला प्रकार. काहींत मोझरेला आणि चेडर असतं, ते चांगलं. काहींत मोझरेलासोबत प्रोसेस्ड चीज असतं, ते चालतं, पण तार कमी.

सावध राहायचं ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. यादीत पाम तेल किंवा "एडिबल व्हेजिटेबल फॅट" दिसलं तर त्यात दुधाच्या चरबीच्या जागी वनस्पती तेल आहे. त्याला ॲनालॉग म्हणतात. अशा पाकिटावर चीज म्हणून नाव असायला नको, त्यामुळे पुढे बहुतेक वेळा "पिझ्झा टॉपिंग" असं काहीतरी गोलमाल लिहिलेलं असतं. त्याला तार येऊ शकते, म्हणून नुसत्या तारेवरून ओळखू नका. पण जिभेला मेणचट लागतं आणि गार झाल्यावर टाळूला थर बसतो. भाव संशय येण्याइतका कमी असेल तर हे आधी तपासा.

मोझरेलातही दोन जाती आहेत. पांढरे गोळे पाण्यात बुडवून डब्यात मिळतात ते ताजं मोझरेला. मऊ, दुधाळ, टोमॅटोबरोबर कच्चं खायला छान. पण त्यात पाणी इतकं असतं की घरच्या ओटीजीत ते बेसवर उतरतं आणि मधला भाग लगदा होतो. इटलीत ते पिझ्झ्यावर घालतात, पण तिथली भट्टी आपल्या ओटीजीपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. आपल्याला हवं ते कमी पाण्याचं, कोरडं, विटेसारखं मोझरेला. पाकिटावर बहुतेकदा "पिझ्झा" शब्द असतोच.

बाकीच्या नावांना नवशिक्याने सध्या हात लावला नाही तरी चालेल. चेडर चवीला ठसठशीत, पण एकटंच पिझ्झ्यावर घातलं तर तेल सोडतं. स्प्रेड म्हणजे जास्त पाण्याचं प्रोसेस्ड चीज, ते ब्रेडला लावायला आहे. क्रीम चीज चीजकेकचं. पार्मेझान आणायचं झालं तर खूण नीट बघा. आपल्याकडे बनणाऱ्या चीजमध्ये साधारणपणे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या रेनेटवर बनतं, म्हणून शाकाहारी घरात ते चालत नाही.

आता तुमचा वाढदिवस. पिझ्झ्याला फक्त मोझरेला घातलं तर तार छान येईल, पण मुलं म्हणतील "हॉटेलसारखा लागत नाही". त्याचं कारण मोझरेला चवीला सौम्य असतं. आमच्या दुकानात चार भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड क्यूब किसून मिसळतो. क्यूबमुळे मीठ आणि तो ओळखीचा चीजचा स्वाद येतो, तार मोझरेला देतं. प्रोसेस्ड यापेक्षा वाढवलं तर तार कमी होत जाते. निम्मं निम्मं केलंत तर रविवारचं कातडं पुन्हा भेटेल.

किती लागेल हे बेसच्या मापावर आहे, आणि इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. 8 इंची बेसला 80 ग्रॅम चीज पुरतं. मग 12 इंचीला 120, असं डोक्यात येतं. पण चीज पसरतं क्षेत्रफळावर. 12 इंची बेस 8 इंचीच्या सव्वादोनपट मोठा असतो, म्हणजे त्याला 180 ग्रॅम लागेल. 10 इंचीला साधारण 125. हे माझं प्रमाण मध्यम थराचं आहे. भाज्या खूप घालणार असाल तर थोडं कमी करा, कारण खालची वाफ बाहेर पडायला जागा लागते. चीजची गादी केली की वरून शिजल्यासारखं दिसतं आणि आत सिमला मिरची कच्ची राहते.

दहा मुलं म्हणालात. वय सांगितलं नाहीत, मी आठ-नऊ वर्षांची धरते. केक, वेफर्स आणि काहीतरी गोड असणारच, त्यात या वयाचं मूल 8 इंची पिझ्झ्याचा अर्धा ते पाऊण भाग खातं. सात बेस पुरतील. बाजारचे बेस दोन-तीनच्या पाकिटात येतात, तेव्हा आठ येतील, एक आई-बाबांना. मुलं बारा-तेराची असतील तर डोकं मोजून एकेक बेस धरा आणि खालचे आकडे त्या प्रमाणात वाढवा.

सात बेस गुणिले 80, म्हणजे 560 ग्रॅम चीज. चारास एक या प्रमाणात मोझरेला साधारण 450 ग्रॅम आणि प्रोसेस्ड 110 ग्रॅम. 200 ग्रॅमची मोझरेलाची तीन पाकिटं घ्या. क्यूबच्या 200 ग्रॅमच्या डब्यात 25 ग्रॅमचे आठ क्यूब येतात, त्यातले साडेचार लागतील. आठवा बेस केलात तरी हेच पुरतं. उरलेलं मोझरेला फ्रीझरमध्ये जाईल, क्यूब पावभाजीवर. डब्यासाठी स्लाइसचं दहाचं एक पाकीट वेगळं. रोज एक सँडविच धरलं तर शाळेचे दोन आठवडे निघतात.

घरी वजनकाटा नसेल तर 200 ग्रॅमची वीट सुरीने पाच सारख्या भागांत कापा. प्रत्येक भाग 40 ग्रॅमचा. एका 8 इंची बेसला असे दोन भाग, चीज मिसळून घालणार असाल तर दीड भाग मोझरेला आणि पाऊण क्यूब. वाटीने मोजू नका. किसलेलं चीज सैल भरलं की दाबून भरलं यावर वाटी निम्म्याने बदलते.

किलोच्या पाकिटाबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही. ग्रॅमला भाव कमी पडतो. पण समजा तो भाव वीस टक्क्यांनी कमी आहे आणि किलोतलं 200 ग्रॅम बुरशी धरून गेलं. 80 रुपयांत 100 रुपयांचा माल घेतलात आणि त्यातला 20 रुपयांचा फेकलात, म्हणजे बचत शून्य. तुमच्याकडे दर आठवड्याला पिझ्झा होणार असेल आणि फ्रीझरमध्ये जागा असेल तर किलो जरूर घ्या. महिन्यातून एकदा होणार असेल तर 200 ग्रॅमचीच पाकिटं बरी. आणि स्लाइसचा मोठा पॅक घेण्याआधी घरात खाणारी तोंडं मोजा, कारण स्लाइस फ्रीझरमध्ये ठेवून चालत नाही. गोठून पुन्हा सुटल्यावर ती भुसभुशीत होते, कागदातून निघताना तुकडे पडतात.

घेताना पाकीट हातात धरून बघा. विटेचं वेष्टण चीजला घट्ट चिकटलेलं असावं. सैल झालं असेल, आत पाणी साचलं असेल किंवा पाकीट फुगलं असेल तर परत ठेवा, तारीख कितीही पुढची असो. गोठवलेलं तुकडे केलेलं मोझरेला घेत असाल तर पिशवी हलवून बघा. तुकडे खुळखुळ वाजले पाहिजेत. सगळा एक गठ्ठा झाला असेल तर ते वाटेत सुटून पुन्हा गोठलंय. काही दुकानांत रात्री फ्रीज बंद करतात, एप्रिल-मे मध्ये त्याचा परिणाम लगेच दिसतो. स्लाइस एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, कोपरे वितळून पुन्हा घट्ट झालेले असतात. उन्हाळ्यात चीज सगळ्यात शेवटी घ्या आणि सरळ घरी या.

वाढदिवसाच्या दिवशी मोझरेला फ्रीजमधून काढल्या काढल्या किसा. खोलीत राहून नरम झालं की किसणीला गोळा चिकटतो. सकाळी किसून डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवलंत तरी चालतं. तयार किसलेल्या पाकिटात तुकडे चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज किंवा स्टार्च घातलेलं असतं. त्याने बिघडत काही नाही, पण वितळताना कीस एकजीव व्हायला वेळ लागतो, म्हणून मी वीटच पसंत करते. ओटीजी 230 अंशांवर, दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधी तापवा. बाजारचा बेस आधीच भाजलेला असतो, त्यामुळे आत ठेवल्यावर आठ ते दहा मिनिटं पुरतात. मिनिटं मी माझ्या ओव्हनची सांगतेय, तुमचा रॉड जवळ असेल तर दोन मिनिटं आधी डोकवा. चीज सगळीकडे वितळून बुडबुडे येऊ लागले आणि इथेतिथे फिकट तपकिरी ठिपके पडले की बाहेर काढा. अख्खं तपकिरी होण्याची वाट बघाल तर ते कोरडं होऊन पुन्हा चिवट होईल. बाहेर काढल्यावर दोन मिनिटं थांबून कापा. लगेच कापलंत तर चीज सुरीबरोबर वाहत जातं, दहा मिनिटं थांबलात तर तार संपलेली असते. म्हणून दहा मुलं असली तरी सगळे पिझ्झे एकदम करून ठेवू नका. बेस, सॉस, भाज्या लावून ताटात तयार ठेवा, चीज आत सरकवताना घाला आणि एकेक बाहेर येईल तसा वाढत जा.

उरलेल्या मोझरेलाचं असं करा. आठवड्याभरात वापरणार असाल तर बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. हात कोरडे ठेवा, ओल्या बोटांनी बुरशी लवकर धरते. मोझरेलावर ठिपका दिसला तर ते सगळंच टाका, नुसता ठिपका कापून भागत नाही, ते ओलसर चीज आहे आणि बुरशी आत गेलेली असते. त्याहून जास्त दिवस ठेवायचं असेल तर किसा, 80-80 ग्रॅमच्या पुड्या झिप लॉक पिशवीत सपाट पसरून हवा काढा आणि फ्रीझरमध्ये टाका. अख्खी वीट गोठवू नका, सुटल्यावर चुरा होते. पुडी दोनेक महिन्यांत वापरा, आणि वापरताना सोडवत बसू नका, गोठलेला कीस हाताने मोकळा करून तसाच बेसवर पसरा आणि ओटीजीत एक मिनिट जास्त द्या.